सर्व्हर बदलला, तरी साइट जुनीच का दिसते?

माझ्या एका परिचितांचा रत्नागिरीत हापूसचा धंदा आहे. ऐन हंगामात त्यांनी आपली वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि रात्री दहाला डीएनएसमध्ये नवा आयपी पत्ता भरला. मला पुण्यात नवी साइट दिसत होती, त्यांच्या फोनवर मात्र जुनीच. तोवर सात ऑर्डरी जुन्या सर्व्हरवर जाऊन पडल्या होत्या. होस्टिंगवाल्यांनी ‘४८ तास थांबा’ एवढंच सांगितलं. त्या उत्तराचा मला राग येतो, कारण किती थांबायचं हे बहुतेक वेळा मोजता येतं.

साइटचं नाव टाकलं की फोन आधी इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला तिचा पत्ता विचारतो. रिझॉल्व्हर तो एकदा शोधून आणतो आणि स्वतःजवळ जपून ठेवतो. किती वेळ जपायचा, हे साइटच्या मालकानेच नोंदीत टीटीएल या आकड्याने, सेकंदांत लिहिलेलं असतं. तेवढा वेळ संपेपर्यंत रिझॉल्व्हर पुन्हा विचारायला जात नाही. म्हणजे नवा पत्ता कुठे ‘पसरत’ नसतो, ठिकठिकाणी जपलेला जुना पत्ता आपापल्या वेळी बाद होत असतो.

आमच्या नोंदीत १४४०० होते, म्हणजे चार तास. कुणाच्या रिझॉल्व्हरने नऊ एकोणसाठला जुना पत्ता घेतला असेल, तर तो दोनला एक मिनिट कमी असेपर्यंत तोच देणार. साडेअकराला त्यांच्या घरच्या वायफायवरून आम्ही विचारून पाहिलं:

```
dig example.com A
example.com.  8640  IN  A  203.0.113.10
```

(नाव आणि पत्ता इथे नमुन्याचे आहेत.) ८६४० सेकंद उरले होते, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं. पुन्हा विचारलं की आकडा उतरलेला दिसतो. घाईघाईने त्यांनी टीटीएल ३०० केला, पण त्याचा उपयोग नव्हता. जुन्या नोंदीसोबत जुनाच आकडा जपलेला होता. तो कमी करायचा तर सर्व्हर हलवण्याआधी, निदान जुन्या टीटीएलइतका वेळ हाताशी ठेवून.

४८ तासांनाही आधार आहे, पण तो वेगळ्या कामाला. नेमसर्व्हरच बदलले तर त्यांची नोंद .com च्या रजिस्ट्रीकडे असते, तिचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, आणि तो आपल्याला कमी करता येत नाही.

थांबण्याआधी मात्र एक खात्री करावी. रिझॉल्व्हरला वगळून थेट आपल्या नेमसर्व्हरलाच विचारावं:

```
dig @ns1.example.com example.com A
```

इथेही जुनाच पत्ता आला, तर नोंदच चुकली आहे किंवा भलत्या ठिकाणी बदलली आहे. मग आठवडाभर थांबूनही काही होणार नाही.

आमची नोंद बरोबर होती. जुन्या साइटवर ‘थोड्या वेळाने ऑर्डर द्या’ असा फलक लावला, त्या सात ऑर्डरी हाताने नव्या साइटवर चढवल्या आणि जुना सर्व्हर बंद केला तो थेट तीन दिवसांनी, त्याच्या लॉगमध्ये ग्राहक दिसेनासे झाल्यावर.