अर्जातली कच्ची ओळ

दूध संकलन केंद्राला मदतनीस हवा आहे. पाटीचा फोटो आपण मोबाइलवर काढला. तो बोटांनी मोठा करून वाचू. खालची ओळ कापली गेली असेल तर फोटो पुन्हा काढू. शेवटची तारीख बहुधा तिथेच असते.

पाटीवर तीन कामे आहेत: दूध मोजणे, फॅट तपासणे, नोंद ठेवणे. आपल्या माहितीपत्रात मात्र एवढेच आहे, ‘डेअरीत काम केले.’ कोणते काम, ते साहेबांना कसे कळावे? पाटीचेच शब्द घेऊन लिहू: ‘२ वर्षे गावच्या डेअरीत रोज ४० जणांचे दूध मोजले व वहीत नोंदले.’ फॅट कधी तपासली नसेल तर तसे लिहायचे नाही. यंत्रापुढे उभे केले की लगेच उघडे पडते. ‘फॅटसाठी नमुने काढून दिले’ हे खरे असेल तर तेवढेच लिहू. ‘मेहनती आहे’ ही ओळ खुशाल खोडू. ती तर सगळेच लिहितात.