पट्टे दिसले म्हणजे गाळाचा खडक नव्हे

फोटोतल्या खडकावर पट्टे दिसले की बहुतेक जण तो गाळाचा खडक ठरवून मोकळे होतात. घोटाळा होतो तो इथेच, कारण पट्टे तिन्ही प्रकारच्या खडकांत आढळतात. म्हणून आधी कण पाहावेत. त्यासाठी फोटोत काहीतरी माप हवे. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते. एखादा कण त्याच्या नवव्या हिश्श्याएवढा दिसला, तर तो सुमारे ३ मिलिमीटरचा.

समजा, नाण्याशेजारच्या खडकावर काळे आणि फिकट गुलाबी पट्टे आहेत. फोटो मोठा करून पाहिला, तर फिकट पट्ट्यातले कण ३ मिलिमीटरचे, एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत आणि काहींच्या सपाट बाजू उन्हात चमकतात. वाहून आलेल्या वाळूचे कोपरे बहुधा झिजलेले असतात आणि कणांमध्ये त्यांना सांधणारा बारीक पदार्थ असतो. तसे इथे काही नाही, म्हणजे वालुकाश्म बाद. आता ग्रॅनाइट उरतो. पण शिलारस सावकाश थिजून झालेल्या ग्रॅनाइटमध्ये काळे-पांढरे कण सहसा कसेही विखुरलेले असतात. इथे मात्र काळे अभ्रक एका दिशेने पट्ट्यांत गोळा झाले आहे आणि पट्टे मध्येच वळतात, निमुळते होतात. प्रचंड दाब आणि उष्णतेखाली घन अवस्थेतच खनिजांची अशी नवी मांडणी होते. हा रूपांतरित खडक, नाइस. भंडारा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तो उघड्यावर दिसतो.

सह्याद्रीच्या कड्याचा दुरून काढलेला फोटो वेगळाच चकवा देतो. आडव्या पायऱ्या गाळाच्या थरांसारख्या भासतात, पण ते एकावर एक साचलेले लाव्हाचे थर आहेत. जवळून पाहिले तर बेसाल्ट काळसर दिसतो. लाव्हा भराभर थंडावल्यामुळे त्याचे बहुतेक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातले पांढरे गोल ठिपके गोटे समजले जातात. खरे तर वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइटसारखी खनिजे भरली, त्यांचे ते ठिपके आहेत. काहींच्या मधोमध अजून पोकळी असते. वाहून आलेल्या गोट्यात तशी ती सहसा सापडत नाही.

वालुकाश्मातले खरे थर कणांच्या आकारावरून कळतात: एका पट्टीत जाड वाळू, दुसरीत बारीक, कधी एकाच थरात तिरप्या रेघा. नुसता रंग मात्र फसवतो. लोहयुक्त पाणी झिरपून उमटलेले तांबडे पट्टे थरांना आडवे छेदूनही जातात.

वालुकाश्म भाजून-दाबून झालेल्या क्वार्टझाइटपुढे फोटो बहुधा हतबल ठरतो. वालुकाश्म सहसा कणांच्या कडेने फुटतो, क्वार्टझाइट कणांतून आरपार. शेवाळलेल्या, ऊनपावसाने झिजलेल्या पृष्ठभागावर हा फरक दिसत नाही. ताज्या फुटलेल्या बाजूचा जवळून काढलेला फोटो नसेल, तर ‘वालुकाश्म किंवा क्वार्टझाइट’ एवढीच नोंद करावी.