राखाडी काचेची साक्ष कुठवर धरायची?

स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या पडद्यावर ३.० असा ॲब्सॉर्बन्स दिसला, की यंत्राचं म्हणणं असं असतं: नमुन्यावर पडलेल्या प्रकाशाच्या हजार भागांपैकी एकच भाग पलीकडे पोचला. १.० म्हणजे दहातला एक, २.० म्हणजे शंभरातला एक. आकडा वाढतो तसा मोजायला उरलेला प्रकाश भराभर घटतो, आणि कुठेतरी यंत्राला तो नीट मोजता येईनासा होतो. पडद्यावर मात्र आकडे उमटतच राहतात. त्यातले विश्वासाचे कुठपर्यंतचे, हे प्रत्येक यंत्रावर तपासूनच ठरवावं लागतं.

त्यासाठी न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर वापरतात. ही राखाडी काच असते आणि दृश्य प्रकाशातल्या सगळ्या रंगांना ती जवळजवळ सारखीच अडवते. त्यामुळे यंत्राची तरंगलांबी थोडी सरकलेली असली तरी आकडा फारसा बदलत नाही. जे चुकतं ते प्रकाश मोजण्यातच चुकतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचा SRM 930 हा अशा काचांचा प्रसिद्ध संच. त्यात सुमारे १०, २० आणि ३० टक्के प्रकाश सोडणाऱ्या तीन काचा असतात आणि ५४६.१ नॅनोमीटरसह पाच तरंगलांबींवरची त्यांची मूल्यं प्रमाणित केलेली असतात.

तपासणीची रीत साधी आहे. यंत्र तापू द्यायचं, रिकाम्या होल्डरवर शून्य करायचं, मग काच कडेला धरून ठेवायची आणि प्रत्येक काच काही वेळा काढून-घालून मोजायची. बोटाचा ठसा उमटला तरी आकडा बिघडतो. समजा, ५४६.१ नॅनोमीटरवर ०.५०, १.००, १.५०, २.०० आणि ३.०० मूल्यांच्या काचा ठेवल्यावर यंत्राने अनुक्रमे ०.४९९, ०.९९६, १.४८७, १.९५९ आणि २.६९९ दाखवले. पहिल्या दोन आकड्यांकडे पाहून कुणालाही यंत्र उत्तम वाटेल. १.५० वर चूक एक टक्क्याच्या किंचित आत आहे, २.०० वर दोन टक्क्यांवर गेली आणि ३.०० वर दहा टक्के. प्रयोगशाळेला एक टक्क्यापर्यंतची चूक चालत असेल, तर या यंत्राची वरची मर्यादा १.५ धरावी.

चूक कशी वाढली, यावरून कारणाचा माग लागतो. तीच काच पुन्हा पुन्हा मोजताना आकडे खरा आकडा मध्ये ठेवून वर-खाली होत असतील, तर प्रकाश अपुरा पडतोय आणि सिग्नलमध्ये गोंगाट आहे. इथे मात्र आकडे दर वेळी कमीच येतात, आणि काच जितकी गडद तितके जास्त कमी. म्हणजे डिटेक्टरकडे काचेतून न आलेला थोडा प्रकाश पोचतोय. वरच्या आकड्यांवरून तो ०.१ टक्का निघतो. काचेच्या जागी त्याच मापाची अपारदर्शक पट्टी ठेवावी, शून्याऐवजी ०.१ टक्का दिसला, तर संशय पक्का. मग झाकणावर काळं कापड घालावं. आकडा शून्यावर आला, तर प्रकाश बाहेरून शिरत होता. तसाच राहिला, तर काचेच्या कडेने जाणारा किरण किंवा चुकलेलं अंधार-शून्य तपासावं.

या काचांना दिसूच शकत नाही असा एक दोष मात्र आहे, आणि मला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो. मोनोक्रोमेटरमधून हव्या त्या तरंगलांबीसोबत भलत्या तरंगलांबींचा प्रकाशही थोडा निसटतो. राखाडी काच दोन्हींना सारखंच अडवते. गुणोत्तर कायम राहतं, आलेख सरळ येतो आणि यंत्र निर्दोष ठरतं.

नमुना रंग निवडून अडवणारा असला, की हे पितळ उघडं पडतं. एसजीपीटीच्या तपासणीत एनएडीएच हे द्रव्य ३४० नॅनोमीटरवर मोजतात. ते ३४० चा प्रकाश शोषतं, पण दृश्य प्रकाश सरळ सोडतं. भलता प्रकाश अर्धा टक्का असेल, तर खऱ्या १.०० च्या जागी ०.९८ आणि २.०० च्या जागी १.८३ दिसतात. टंगस्टन दिव्याच्या यंत्रात ३४० ला मुळात प्रकाश थोडा, म्हणून भलत्याचा वाटा तिथे मोठा होतो.

हा दोष पकडायला सोडियम नायट्राइटचं लिटरमागे ५० ग्रॅमचं द्रावण ठेवतात. ते ३४० चा प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवतं. तरी जे काही पलीकडे दिसतं, तो भलता प्रकाश. त्यावरून निघणारी मर्यादा आणि काचांची मर्यादा यांतली जी खालची, ती त्या तरंगलांबीसाठी यंत्राच्या वहीत लिहावी. तिच्यावर जाणारा नमुना पातळ करून पुन्हा मोजायचा आणि उत्तराला तितक्या पटीने गुणायचं.