पाय सुरू होतात कुठे?

तयार ड्रेस छातीत बसतो, खांद्यातही बसतो, पण कंबरेची शिवण मात्र बरगड्यांवर चढून बसते. टॉप सीटपर्यंत आला की पाय एकदम आखूड दिसू लागतात, आणि पँट शिंप्याकडे नेऊन खालून कापून घेतल्याशिवाय घालताच येत नाही. धड लांब आणि पाय त्या मानाने आखूड असलेल्या बायकांना या तिन्ही गोष्टी पाठ असतात. बहुतेक जणी त्याचं खापर उंचीवर किंवा वजनावर फोडतात. पण ही ठेवण उंच बाईचीही असते आणि बारीक बाईचीही. प्रश्न असतो तो कंबरेच्या वर किती आणि कंबरेच्या खाली किती, एवढाच.

तो घरच्या घरी मोजता येतो. भिंतीला पाठ टेकवून सपाट स्टुलावर ताठ बसायचं, डोक्याच्या टोकाशी भिंतीवर खूण करायची आणि स्टुलापासून खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. प्रौढ माणसाची बसलेली उंची एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त, ढोबळमानाने ५२ टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणजे ५ फूट १ इंच उंचीच्या बाईची ती साधारण ३२ इंच यावी. ३३ किंवा त्याहून जास्त आली तर धड लांब आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरं माप कंबरेचं. इथे गफलत फार होते, कारण जीन्सचा पट्टा जिथे बसतो त्यालाच पुष्कळजणी कंबर म्हणतात. खरी कंबर सापडण्यासाठी एक नाडी पोटाभोवती सैलसर बांधायची आणि दोन्ही बाजूंना वाकायचं. अंगाला जिथे घडी पडते तिथे नाडी आपसूक जाऊन बसते. त्या नाडीपासून जमिनीपर्यंत टेप सोडली की कंबरेखालची उंची कळते.

आता ही ५ फूट १ इंचाची, म्हणजे ६१ इंचांची बाई समोर उभी आहे असं धरावं. तिची नाडी जमिनीपासून साडेछत्तीस इंचांवर बसते. दोन पायांच्या मधून जमिनीपर्यंतचं माप, ज्यावर पँटच्या आतल्या शिवणीची लांबी ठरते, ते साडेसव्वीस इंच. तिने सीट झाकणारा, पाय जिथून फुटतात तिथेच संपणारा सैल टॉप घातला तर बघणाऱ्याला पाय दिसतात ते साडेसव्वीस इंच, एकूण उंचीच्या जेमतेम ४३ टक्के. तोच टॉप कंबरेत खोचून खाली कंबरेपर्यंत येणारी पँट घातली तर एकाच रंगाचा पट्टा साडेछत्तीस इंचांचा होतो, म्हणजे जवळजवळ ६० टक्के. बाई तीच, कपडेही बहुधा तेच. शरीरात पाय कुठे सुरू होतात हे डोळा शोधत बसत नाही. कापडाची शिवण, टॉपची खालची कड किंवा रंगाचा बदल जिथे दिसेल, तिथून खाली पाय असं तो धरून चालतो.

म्हणून टॉप निवडताना पहिली नजर खालच्या कडेवर टाकावी. गळा, बाही, रंग हे नंतरचं. कड कंबरेपाशी किंवा तिच्याखाली दोन-तीन इंचांत संपली तर उत्तम. सीटच्या सगळ्यात रुंद जागी संपणारा टॉप अशा ठेवणीला सर्वांत वाईट, कारण तो धड आणखी लांबवतो आणि रुंदीवर आडवी रेघही मारतो. ज्यांना पूर्ण खोचणं आवडत नाही त्यांनी फक्त पुढचा भाग खोचून मागचा मोकळा सोडला तरी चालतं. पुढून कंबर दिसते आणि मागून सीट झाकलेली राहते. कंबरेवर गाठ मारायचा शर्टही हेच काम करतो.

ड्रेसची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. कंबर वर दाखवायची तर वर शिवण असलेला ड्रेस घ्यावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो बरोबरही आहे. छातीच्या लगेच खाली शिवण असलेल्या कापाला एम्पायर लाइन म्हणतात. १८०४ मध्ये सुरू झालेल्या नेपोलियनच्या साम्राज्यावरून हे नाव पडलं, आणि त्याची पत्नी जोसेफिन हिच्या चित्रांमध्ये असे झगे पाहायला मिळतात. छातीखालून कापड सरळ पायापर्यंत उतरतं, मध्ये कंबर कुठेच उमटत नाही, त्यामुळे खालचा सगळा भाग पायांच्या खात्यात जमा होतो. आपल्याकडच्या अनारकलीचा कापही पुष्कळदा असाच असतो. याच्या नेमकं उलट १९२० च्या दशकात पाश्चात्त्य फॅशनमध्ये घडलं. ड्रेसची कंबर थेट कुल्ल्यांपर्यंत खाली उतरली. ती तऱ्हा अधूनमधून परत येते, आणि लांब धडाच्या बाईने तिच्या वाटेला न जाणंच बरं.

पण लांब धडाच्या बाईला तयार एम्पायर ड्रेस बरेचदा फसवतो. तिच्या खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतरही जास्त असण्याचा संभव असतो. समजा या बाईचं ते अंतर साडेदहा इंच आहे, आणि ड्रेस साडेनऊ धरून कापलेला आहे. मग छातीखाली बसायला हवी ती शिवण छातीवरच चढते. कापड पुढे उचललं जातं, खालचा घेर पोटापासून लांब तरंगतो आणि दिवस गेल्यासारखं दिसतं. हा दोष उभं राहून आरशात पाहिला तर निसटू शकतो. ट्रायल रूममध्ये दोन्ही हात डोक्यावर नेऊन परत खाली आणावेत. शिवण आपोआप छातीखाली परतली तर ड्रेस आपला. ती वरच अडकली आणि हाताने खाली ओढावी लागली, तर तो कितीही आवडला तरी ठेवून द्यावा. योक आखूड असेल तर तो वाढवायला आत कापडच नसतं. शिंपी फार तर मध्ये वेगळी पट्टी जोडून देईल.

सुरुवातीला सांगितलेल्या, बरगड्यांवर चढणाऱ्या शिवणीचं दुखणंही याच जातीचं. ड्रेस कंबरेत बसावा असा कापलेला असतो, पण त्याची वरची उंची दोन इंचांनी कमी पडते. शिवण ना कंबरेवर ना छातीखाली, अशी अधांतरी राहते, आणि ड्रेस धाकट्या बहिणीचा मागून आणल्यासारखा दिसतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे मुद्दाम वरच बसेल असा, छातीखाली शिवण असलेला आणि योक पुरेसा लांब असलेला ड्रेस शोधणं. दुसरा, शिवणच नसलेला, अंगालगत सरळ उतरणारा ड्रेस घेणं आणि त्यावर कंबरेच्या इंच-दीड इंच वर बारीक पट्टा बांधणं. पट्टा ड्रेसच्याच रंगाचा असावा. वेगळ्या रंगाचा रुंद पट्टा अंगाचे दोन तुकडे करतो, आणि मग वरचा तुकडा किती लांब आहे तेच आधी दिसतं.

शिंप्याकडून शिवून घेणाऱ्या बाईला इथे मोठी सोय आहे, फक्त माप मागून द्यावं लागतं. शिंपी पूर्ण उंची, छाती, कंबर, सीट घेतो, पण खांद्यापासून छातीखालपर्यंतचं माप घ्यायचं विसरतो किंवा अंदाजाने धरतो. “ताई, योक तेराला घेऊ ना?” असं त्याने विचारलं की थांबवून टेप लावायला सांगावी. या बाईला ते साडेचौदा लागेल. दीड इंचाचा हा फरक सगळा ड्रेस सुधारतो किंवा बिघडवतो.

कुर्तीमध्ये कंबरेची शिवण बहुधा नसते, पण पाय कुठे सुरू होतात ते सांगणारी दुसरी जागा असते, बाजूचा कट. चालताना कट जिथून उघडतो तिथून खालचं कापड दिसतं, आणि डोळा त्यालाच पायाची सुरुवात मानतो. तयार कुर्तीत कट साधारण सीटच्या रेषेवर सुरू होतो. शिवून घेताना तो दोन इंच वर घ्यावा. कुर्ती आणि पँट एकाच रंगाची असेल तर कट कुठेही असो, फारसं बिघडत नाही. खरी अडचण होते ती गडद कुर्ती आणि पांढऱ्या लेगिंग्जची. ४४ इंच उंचीची कुर्ती ६१ इंचांच्या बाईला जमिनीपासून सात-आठ इंचांवर येते. खाली तेवढाच पांढरा तुकडा उरतो आणि पाय तेवढेच वाटतात. या उंचीला गुडघ्याच्या जरा वर संपणारी, म्हणजे ३३-३४ इंचांची कुर्ती आणि तिच्याच छटेची सरळ पँट जास्त शोभते.

पँटच्या बाबतीत ‘हाय राइज’ या लेबलवर जाऊ नये. राइज म्हणजे दोन पायांच्या मधल्या शिवणीपासून पट्ट्यापर्यंतची उंची. आपल्याला ती किती लागते हे खुर्चीवर बसून कळतं. बाजूने, कंबरेच्या नाडीपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत मोजायचं आणि त्यात एक इंच मिळवायचा. या बाईचं माप बसून सव्वादहा, म्हणजे राइज सव्वाअकरा हवी. बाजारात हाय राइज म्हणून मिळणारी दहा इंचांची जीन्स तिला कंबरेखाली इंच-सव्वा इंचावर बसेल आणि टॉप खोचूनही हवा तो परिणाम येणार नाही. पोट पुढे असेल तर उंच पट्टा बसताना रुततो. अशा वेळी मागे इलॅस्टिक असलेला पट्टा घ्यावा, तो खाली सरकत नाही आणि श्वासही कोंडत नाही. बुटक्या बायकांसाठी असलेल्या पेटीट मापाचंही असंच. त्यातली पँट या बाईला बसेल, पण टॉप आणि ड्रेस बसणार नाहीत, कारण त्या मापात पायांबरोबर धडही आखूड धरलेलं असतं.

साडीत हे गणित नेसणारीच्या हातात असतं. परकर खऱ्या कंबरेवर बांधला, निऱ्या तिथेच खोचल्या आणि ब्लाउजची उंची नेहमीपेक्षा इंचभर वाढवली की मधली उघडी पट्टी अरुंद होते आणि निऱ्यांच्या उभ्या रेषा वरून सुरू होतात. परकर बेंबीखाली बांधला तर तीच पट्टी चार-पाच इंचांची होऊन धडाची लांबी उघडी पडते.

या सगळ्याला मर्यादाही आहे. कपड्याने कंबर दोन-तीन इंच वर भासते, त्याहून जास्त नाही. बसल्यावर किंवा बाजूने पाहिल्यावर तर हा भास बराच ओसरतो. भरलेली छाती असेल तर कंबर फार वर नेल्याने छाती आणि पोट एकच वाटू लागतं. तिथे खऱ्या कंबरेवरच थांबणं चांगलं. आणि निकाल फोटोत पाहायचा असेल तर मैत्रिणीने डोळ्यांच्या उंचीवरून, फोन खाली झुकवून काढलेल्या फोटोवर जाऊ नये, कारण त्या कोनातून कोणाचेही पाय आखूड येतात. फोन कंबरेच्या उंचीवर सरळ धरून, सात-आठ फुटांवरून, आधी टॉप मोकळा सोडून आणि मग खोचून असे दोन फोटो काढले की फरक शेजारी-शेजारी दिसतो.