थुंकीतला जंतू कसा ओळखतात?

राजूरच्या कोळसा खाणीत राबलेल्या अब्बांचा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर आपण धुळीला दोष देतो. तो क्षय आहे का, हे पीसीआर तपासणीत कळते. थुंकीतून डीएनए काढून त्यात 'प्रायमर', म्हणजे सुमारे 20 अक्षरांचे दोन तुकडे, टाकतात. ते क्षयजंतूलाच चिकटावेत, माणसाच्या किंवा तोंडातल्या इतर जंतूंच्या डीएनएला नव्हे, अशा बेताने निवडतात. दोन्ही चिकटले की मधला भाग दर फेरीत दुप्पट होतो. 30 फेऱ्यांत एकाचे अब्जभर.

'आयएस 6110' हा भाग क्षयजंतूत बहुधा अनेक ठिकाणी असतो, म्हणून थोडे जंतूही सापडतात. पण भारतातल्या काही क्षयजंतूंत तो नसतोच. म्हणून जोडीला दुसरा भागही तपासतात. मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो, त्यामुळे औषधाने गुण आला का, हे यावरून ठरवत नाहीत.