माप घेताना उमासा का येतो?

नववीतल्या एका मुलीच्या दातांना तारा बसवायच्या आहेत, असे समजू. त्यासाठी वरच्या जबड्याचे माप हवे. दंतवैद्याने अल्जिनेटच्या लगद्याने भरलेला ट्रे तोंडात ठेवला आणि तिला उमासा आला. ट्रे काढावा लागला, माप फुकट गेले. घरचे म्हणाले, "घाबरट आहे!" हे खरे आहे का?

घशावर गुडघ्यासारखीच एक प्रतिक्षिप्त क्रिया पहारा ठेवते. जिभेचा मागचा भाग, मऊ टाळू आणि टॉन्सिलजवळच्या कडा यांना काही लागले, की नववी मस्तिष्क चेता ती वर्दी मस्तिष्कपुच्छाकडे नेते. तेथून मुख्यतः दहाव्या चेतेमार्फत आज्ञा सुटते, घशाचे स्नायू आवळतात आणि आत जाऊ पाहणारी वस्तू बाहेर लोटली जाते. घास श्वासनलिकेत अडकू नये यासाठी ही सोय आहे. काही निरोगी माणसांत ती दिसतही नाही, तर काहींत टाळूच्या पुढच्या भागाला स्पर्श होताच जागी होते.

पण गुडघ्याच्या क्रियेपेक्षा येथे एक फरक आहे. या क्रियेवर मोठ्या मेंदूचा बराच प्रभाव असतो. म्हणून नुसता ट्रे पाहून किंवा लगद्याच्या वासानेही काहींना उमासा येतो. एकदा वाईट अनुभव आला, की पुढच्या वेळी तो लवकर येतो. याचीच दुसरी बाजू अशी, की लक्ष दुसरीकडे गुंतले तर तो उशिरा येतो किंवा येतही नाही. पुढचे सर्व उपाय दोनच गोष्टी साधतात : मागच्या भागाला स्पर्श कमी होऊ देणे आणि मेंदूला दुसरे काम देणे.

आता त्या मुलीचे माप पुन्हा घेऊ. वेळ शक्यतो पोटभर जेवणानंतरची नको. नाक चोंदले असेल तर दिवस पुढे ढकलावा, कारण सगळी भिस्त नाकाने श्वास घेण्यावर आहे. खुर्ची आडवी न करता तिला ताठ बसवावे. ट्रे आधी रिकामा बसवून पाहावा. तो मागे फार लांब नको. त्याच्या मागच्या कडेला मेणाची पट्टी लावली, तर लगदा घशाकडे ओघळत नाही. लगदा मोजकाच भरावा, मागे कमी. ट्रे बसवताना आधी मागची बाजू दाबावी, मग पुढची. म्हणजे जादा लगदा ओठांकडे येतो. लगेच तिला हनुवटी खाली घेऊन पुढे वाकायला सांगावे. लाळ गिळण्याची धडपड नको. ती भांड्यात गळू द्यावी.

साधे अल्जिनेट कालवल्यापासून सुमारे ३-४ मिनिटांत घट्ट होते, लवकर घट्ट होणारे सुमारे २ मिनिटांत. येथे दुसरे घ्यावे. तेवढा वेळ मुलीने नाकाने संथ श्वास घ्यावा आणि एक पाय उचलून धरावा; पाय दमला की दुसरा. उमासा येताना श्वास क्षणभर अडतो, म्हणून श्वासाची लय टिकवणे उपयोगी पडते. भांड्यातला उरलेला लगदा बोटाला चिकटेनासा झाला, की ट्रे काढता येतो. त्याआधी ओढला तर माप फाटते. मात्र खरोखर उलटी होऊ लागली तर ट्रे ताबडतोब काढावा. डावा हात वर केला की थांबायचे, ही खूण आधीच ठरवलेली बरी. थांबवणे आपल्या हातात आहे हे कळले, की भीती ओसरते.

एक्स-रेची गोष्ट अशीच. मोठ्यांसाठीची फिल्म सुमारे ३ x ४ सेंमी असते. ती टाळूवरून सरकवत नेली तर हलक्या स्पर्शाने उमासा हटकून येतो. म्हणून यंत्र आधी तयार ठेवावे, फिल्म आडवी आत न्यावी आणि जागेवर आल्यावर एकदाच वळवून ठामपणे टेकवावी. सुरुवात पुढच्या दातांपासून करावी, वरच्या दाढा शेवटी. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवण्याचाही काहींना उपयोग होतो.

बधिरतेचा फवारा मात्र हमखास उपाय नाही. घसा बधिर झाल्यावर काहींना गिळता येत नाही असे वाटते आणि घाबरून उमासा वाढतो. शिवाय संवेदना परत येईपर्यंत खाणेपिणे टाळावे लागते, कारण पहारेकरीच झोपलेला असतो. ज्यांना काहीच सोसत नाही, त्यांच्यासाठी फिल्म तोंडाबाहेर ठेवून पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढता येतो; पण दोन दातांमधली लहान कीड त्यात तितकी स्पष्ट दिसत नाही. मापाऐवजी कॅमेऱ्याने दातांचे स्कॅन करण्याची सोय असेल, तर मध्येच थांबता येते.

हातात २-३ आठवडे असतील तर घरी सराव करता येतो. ब्रश जिभेवर उमासा येण्याच्या किंचित अलीकडे टेकवून नाकाने श्वास घेत १५ आकडे मोजावेत. ते सहज जमले की दुसऱ्या दिवशी थोडे मागे जावे. सीमारेषा हळूहळू मागे सरकते. ती मुलगी घाबरट नव्हती. तिचा पहारेकरी जरा जास्त जागरूक होता, एवढेच.