यादीतले किलो, ताटातले ग्रॅम

लग्नाची तारीख ठरली की घरात आचाऱ्याची यादी येते. तांदूळ, डाळ, कणीक, तेल, श्रीखंड अशा एकाखाली एक ओळी आणि तळाशी ‘माणसं ४००, ताट ३०० रुपये’. घरची मंडळी घासाघीस करतात ती या तळच्या आकड्यावर, वरच्या ओळी मात्र कोणी वाचत नाही.

त्या वाचायची रीत सोपी आहे. प्रत्येक जिन्नस माणसांच्या संख्येने भागायचा. समजा, यादीत तांदूळ ४० किलो आहे, म्हणजे माणशी १०० ग्रॅम. मसालेभात आणि वरणभात मिळून हे ठीक. कणीक ३० किलो, म्हणजे ७५ ग्रॅम, त्यात पाचेक पुऱ्या होतात. श्रीखंड मात्र ३६ किलो. भागाकार येतो ९० ग्रॅम, आणि बोलणं झालं होतं १२५ ग्रॅमच्या वाटीचं. त्या हिशेबाने ५० किलो हवं. पंगतीत आग्रह करून वाढणार असतील, तर त्याहूनही जास्त.

तेलाची गंमत उलटी. आचाऱ्याने आधीच्या अडीचशे माणसांच्या लग्नाची यादी समोर ठेवून सगळंच १.६ पटीने वाढवलेलं असतं. तेव्हा पुऱ्यांना २० लिटर तेल लागलं होतं, म्हणून आता ३२. पण त्या वीसातलं १५ लिटर कढई भरायलाच गेलं होतं. पुऱ्यांनी प्यायलं ते उरलेलं ५ लिटर, माणशी २० मिलिलिटर. कढई तीच असेल, तर चारशे माणसांना १५ अधिक ८, असं २३ लिटर पुरतं. नऊ लिटर तेल नुसत्या गुणाकारातून आलेलं असतं.

ताटाच्या दरातही अशीच एक कढई दडलेली असते.

समजा, चारशे ताटांच्या १,२०,००० रुपयांत सामान ७२,००० चं आहे. बाकीचे ४८,००० आचारी, वाढपी, भांडी, गॅस आणि टेम्पोचे. पाहुणे पाचशे झाले, तर सामान ९०,००० वर जाईल. टेम्पो आणि भांडी बहुधा तीच राहतील. वाढपी वाढवावे लागतील, त्यांचे ३,००० धरू. एकूण १,४१,००० होतात आणि ताट पडतं २८२ रुपयांना. वाढीव शंभर ताटांचा खर्च २१,०००, म्हणजे ताटाला २१०. तिथे आचाऱ्याचा नफा आणि ऐनवेळची धावपळ धरून दर थोडा चढा असेल, पण सरसकट ३०० लागले तर बोलायला जागा आहे.

पाहुणे घटले, तर हाच हिशेब घरच्यांच्या अंगावर येतो. ‘किमान ४०० ताटं’ असं लिहून दिलं आणि ३४० माणसं जेवली, तरी १,२०,००० द्यावेच लागतात; ताट जवळपास ३५३ रुपयांना पडतं. म्हणून हमीचा आकडा थोडा खाली ठेवून वाढीव ताटांचा दर आधीच लिहून घेतात. बँडवाले, फोटोग्राफर आणि खुद्द वाढपी यांची ताटं कोणाच्या खाती, हेही त्याच कागदावर येतं. लग्नाच्या दिवशी पहिली पंगत बसण्याआधी घरचं एक माणूस ताटांचे गठ्ठे मोजतं आणि शेवटची पंगत उठल्यावर उरलेले पुन्हा.